मराठी संदेशांचा इंग्रजी यंत्रानुवाद : आदरार्थ, लिंग आणि सूर

मराठीत लिहिलेल्या घरगुती किंवा कामकाजाच्या संदेशाचा संगणकीय प्रणालीने केलेला इंग्रजी अनुवाद पुष्कळदा शब्दशः बरोबर असतो, पण संदेशातील माणसांचे परस्परसंबंध त्यात बदलून जातात. कोण कोणाविषयी बोलत आहे, बोलणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, सांगणे विनंतीचे आहे की आज्ञेचे, या गोष्टी मराठी मुख्यतः क्रियापदाच्या प्रत्ययांतून आणि सर्वनामांच्या रूपांतून सांगते. इंग्रजीत या खुणांना पुष्कळ ठिकाणी जागाच नाही, तर काही ठिकाणी मराठीने न सांगितलेली गोष्ट इंग्रजीत सांगावीच लागते. त्यामुळे यंत्रानुवादात दोन प्रकारचे दोष संभवतात. पहिला लोपाचा, म्हणजे असलेली खूण गळून जाण्याचा, आणि दुसरा भरीचा, म्हणजे नसलेली गोष्ट तर्काने घालण्याचा. लोपामुळे संदेश कोरडा वाटतो. भरीमुळे तो चुकीचा होतो आणि तरीही वाचायला नीटनेटका राहतो, म्हणून हा दोष अधिक घातक ठरतो.

जळगाव जिल्ह्यातील धरणगावसारख्या तालुक्याच्या गावांतून शिक्षण, नोकरी आणि विवाह यांमुळे माणसे दूरवर गेलेली आहेत. कुटुंबाच्या समाईक गटात येणारा मराठी मजकूर परप्रांतीय सून, परदेशात वाढलेली नातवंडे किंवा मराठी न जाणणारा अधिकारी यंत्रानुवादाच्या आधारे वाचतो. मूळ मजकूर लिहिणाऱ्याला हा अनुवाद सहसा दिसत नाही आणि अनुवाद वाचणाऱ्याला मूळ मजकूर वाचता येत नाही. त्यामुळे चूक दोघांपैकी कोणाच्याही लक्षात येत नाही.

## पार्श्वभूमी

गूगल भाषांतर या सेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला. त्या काळातील पद्धती सांख्यिकीय होती. वाक्याचे लहान तुकडे करून त्यांचे नेहमी आढळणारे प्रतिशब्द जोडले जात. २०१७ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांसाठी तेथे मज्जाजाल पद्धती आली. या पद्धतीत संपूर्ण वाक्य एकत्र विचारात घेतले जात असल्याने इंग्रजी वाक्ये प्रवाही होऊ लागली. पुढे आयआयटी मद्रास येथील ‘एआय फॉर भारत’ या गटाने भारतीय भाषांसाठी खुल्या अनुवाद प्रणाली तयार केल्या आणि २०२२ मध्ये केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ हा मंच सुरू झाला.

वाक्य प्रवाही झाले म्हणजे संदर्भ कळला असे नाही. मज्जाजाल पद्धतीतील यंत्र मराठी वाक्याचे लहान शब्दखंड पाडते, त्यांचे अंकांत रूपांतर करते आणि पुढचा इंग्रजी शब्द कोणता असण्याची शक्यता सर्वाधिक आहे हे एकेक पायरीने ठरवते. ही शक्यता ज्या जोडमजकुरावर, म्हणजे एकाच आशयाच्या मराठी व इंग्रजी वाक्यांवर, यंत्र शिकलेले असते त्यावर अवलंबून असते. असा मजकूर बातम्या, शासकीय निवेदने, धर्मग्रंथांचे अनुवाद आणि संकेतस्थळे यांतून सहज मिळतो. सुनेने दिराला किंवा शिक्षिकेने पालकांना लिहिलेल्या चार ओळी आणि त्यांचा काळजीपूर्वक केलेला इंग्रजी अनुवाद अशी जोडी क्वचितच मिळते. शिवाय अनेक प्रणाली मजकुराचा अनुवाद एकेक वाक्य सुटे करून करतात. मराठी संदेशाचा अर्थ मात्र मागच्या वाक्यावर आणि घरातल्या माणसांना ठाऊक असलेल्या गोष्टींवर उभा असतो.

## आदरार्थी बहुवचन

द्वितीय पुरुषातील ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ या तिन्ही सर्वनामांना इंग्रजीत ‘यू’ हा एकच प्रतिशब्द आहे. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांचा अभ्यास करून त्यांच्या निवडीमागे सत्ता आणि जवळीक हे दोन अक्ष असल्याचे दाखवले. मराठीतही हे दोन्ही अक्ष दिसतात. बहुतेक घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणण्याची रीत आहे, आणि त्यावरून आईला कमी मान आहे असे कोणी समजत नाही. ‘आई आली’ आणि ‘बाबा आले’ यांतील फरक इंग्रजीत उरत नाही. हा लोप बहुधा निरुपद्रवी असतो.

परंतु नेहमीचे सर्वनाम मुद्दाम बदलले जाते तेव्हा सर्वनाम हाच संदेशाचा आशय असतो. धाकट्या भावाला एरवी ‘तू’ म्हणणारी बहीण ‘आता तुम्ही मोठे झालात’ असे लिहिते तेव्हा ती रागावलेली आहे, हे मराठी वाचकाला ‘तुम्ही’ या एका शब्दावरून कळते. इंग्रजीत हे वाक्य ‘तू आता मोठा झालास’ अशा कौतुकासारखे उतरते. यंत्राने येथे एकही शब्द चुकवलेला नसतो. बहीण भावाला एरवी काय म्हणते हे त्याला ठाऊक नसते, एवढेच.

खरा गोंधळ तृतीय पुरुषात होतो. मराठीत आदर दाखवण्यासाठी एका व्यक्तीबद्दलही बहुवचन वापरतात. ‘ते आले’ म्हणजे अनेक पुरुष आले किंवा एक वडीलधारा पुरुष आला. ‘त्या आल्या’ म्हणजे अनेक स्त्रिया आल्या किंवा एक मान्य स्त्री आली. निदान येथे स्त्री-पुरुष भेद शिल्लक असतो. विभक्तिप्रत्यय लागताच तोही जातो. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचा’, ‘त्यांच्याशी’ ही रूपे एक आदरणीय पुरुष, एक आदरणीय स्त्री आणि अनेक माणसे या तिन्ही अर्थांनी येतात. इंग्रजीत ‘ही’, ‘शी’ आणि ‘दे’ यांपैकी एक निवडणे यंत्राला भाग असते. मागील वाक्य समोर नसेल तर ही निवड केवळ संभाव्यतेवर होते.

आदरार्थी रूप कधी कधी नामाचा अर्थही ठरवते. ‘बाई आली नाही’ असे शाळेतील मूल सहसा म्हणत नाही. ते ‘बाई आल्या नाहीत’ असे म्हणते आणि त्यातील बाई म्हणजे शिक्षिका. तेच मूल घरी ‘बाई आली नाही’ म्हणाले तर ऐकणारा कामाला येणाऱ्या स्त्रीचा विचार करतो. ‘बाई’ या शब्दाचे अनेकवचन ‘बाया’ होत असल्याने ‘बाई आल्या’ या वाक्यात अनेक स्त्रियांचा अर्थ मराठी माणसाच्या मनात येतच नाही. यंत्राला मात्र ‘आल्या’ हे रूप प्रामुख्याने अनेकवचनी म्हणून भेटलेले असते. त्यामुळे ‘बायका आल्या नाहीत’ किंवा ‘ती स्त्री आली नाही’ असा इंग्रजी अर्थ निघू शकतो आणि शिक्षिका दोन्हींतून नाहीशी होते.

विवाहित स्त्रीने पतीचा उल्लेख ‘हे’ किंवा ‘अहो’ या शब्दांनी करण्याची रीत खानदेशात आणि इतरत्रही अजून आढळते. ‘हे घरी नाहीत’ या वाक्यात ‘हे’ म्हणजे पती, ही गोष्ट शब्दकोशातील पहिल्या अर्थावरून समजत नाही. ‘हे’ जवळच्या वस्तूंचे किंवा माणसांचे अनेकवचन मानले गेले की इंग्रजीत ‘या गोष्टी घरी नाहीत’ अशा आशयाचे वाक्य तयार होते.

## लिंग

मराठीत वर्तमानकाळी प्रथमपुरुषी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगते. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांचा इंग्रजी अनुवाद एकच होतो. अनोळखी अर्जदाराचा संदेश वाचणाऱ्या कचेरीतून स्त्रीला ‘सर’ असे उत्तर जाण्याचे एक कारण हेच आहे. मूळ मजकुरात खूण होती आणि ती वाटेत गळाली. ही खूणही सर्वत्र सारखी नाही. कोल्हापूर परिसरातील बोलीत स्त्रियाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. त्यामुळे केवळ प्रत्ययावरून लिंग ठरवणारी प्रणाली तेथे फसेल.

याउलट काही मराठी रचनांत लिंगाची खूणच नसते आणि इंग्रजीला ती हवी असते. ‘सरपंच उद्या येणार नाहीत. त्यांनी सही केली आहे.’ हा निरोप पाहावा. ‘सरपंच’ या नामावरून लिंग कळत नाही. ‘येणार’ हे रूप तिन्ही लिंगांत सारखे राहते. ‘नाहीत’ आदर दाखवते, लिंग नाही. ‘त्यांनी’ या रूपाची स्थिती वर आलीच आहे. ‘केली’ हे क्रियापद कर्मणी प्रयोगामुळे ‘सही’ या कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी झालेले आहे, कर्त्याप्रमाणे नव्हे. म्हणजे दोन्ही वाक्यांत सरपंच स्त्री की पुरुष याचा एकही पुरावा नाही. तरीही इंग्रजीत दुसरे वाक्य ‘ही’ने सुरू होण्याची शक्यता मोठी असते, कारण पदाधिकाऱ्यांविषयीच्या जोडमजकुरात पुरुषवाचक सर्वनामे अधिक असतात. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळे हा अंदाज चुकण्याचे प्रसंगही पुष्कळ आहेत.

तृतीय पुरुषी सर्वनामाला लिंगभेद नसलेल्या तुर्की भाषेच्या अनुवादात हा प्रश्न ठळकपणे दिसून आला. त्यावर उपाय म्हणून २०१८ च्या अखेरीस गूगलने काही सुट्या तुर्की वाक्यांसाठी स्त्रीवाचक आणि पुरुषवाचक असे दोन्ही इंग्रजी पर्याय दाखवण्यास प्रारंभ केला. मराठीतील अडचण तुर्कीपेक्षा गुंतागुंतीची आहे. मराठीत लिंग काही रूपांत दिसते आणि काही रूपांत दिसत नाही, म्हणून कोणत्या वाक्याला दोन पर्याय द्यायचे हे आधी ओळखावे लागते.

निर्जीव वस्तूंचे व्याकरणिक लिंग हा आणखी एक भाग आहे. ‘रात्रीची गोळी संपली. ती उद्या आणते.’ यातील ‘ती’ म्हणजे गोळी. दुसरे वाक्य सुटे अनुवादित झाले तर ‘ती’ स्त्री समजली जाऊन ‘ती उद्या आणते आहे’ असा अर्थ होऊ शकतो. लिहिणारी व्यक्ती स्वतः गोळी आणणार आहे, हा मूळ अर्थ त्यात राहत नाही. ‘आणते’ हे रूप ‘मी’ आणि ‘ती’ या दोन्ही स्त्रीलिंगी कर्त्यांना चालते, त्यामुळे व्याकरणाच्या दृष्टीने यंत्राचा अर्थ अशक्यही नसतो.

## सूर

मराठीत सांगण्याचा सूर क्रियापदाच्या अर्थावर आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या अव्ययांवर अवलंबून असतो. ‘बस’, ‘बसा’, ‘बसावे’, ‘बसता का’ आणि ‘बसा ना’ या पाच रूपांत आज्ञा, आदर, औपचारिकता, विचारणा आणि आर्जव असा क्रम आहे. इंग्रजीत विनंतीसाठी वेगळे शब्द जोडावे लागतात. मराठीत आदर आणि आर्जव क्रियापदाच्या रूपात आणि अव्ययातच असल्याने ‘कृपया’ हा शब्द घरगुती बोलण्यात येत नाही. अनुवादात ‘ना’ गळाला की उरते ती नुसती आज्ञा. ‘लग्नाला यायचं हं’ हे आग्रहाचे निमंत्रण इंग्रजीत ‘लग्नाला यावेच लागेल’ अशा सक्तीसारखे उतरू शकते, कारण ‘-यचं’ हे रूप कर्तव्यार्थीही आहे.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेदही महत्त्वाचा आहे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ‘आम्ही दिवाळीला धरणगावला जाणार आहोत’ ही माहिती आहे, तर ‘आपण दिवाळीला धरणगावला जाऊ’ हे बोलावणे आहे. इंग्रजी ‘वुई’ दोन्हींना पुरते आणि आपल्याला बोलावले आहे की नुसते कळवले आहे, हे वाचणाऱ्याला समजत नाही. त्यातच ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषीही असल्याने ‘आपण काय करायचं?’ यासारख्या वाक्यात क्रियापदाचीही मदत होत नाही.

काही शब्दप्रयोगांत सूर आणि अर्थ वेगळे करता येत नाहीत. निरोप घेताना ‘जातो’ म्हणणे अशुभ मानले जाते, म्हणून ‘येतो’ किंवा ‘येते’ असे म्हणतात. संदेशाच्या शेवटी आलेले ‘बरं, येते’ म्हणजे बोलणे संपले. इंग्रजी अनुवादात ते ‘ठीक आहे, मी येत आहे’ असे होते आणि वाचणारा तिच्या येण्याची वाट पाहू लागतो. नात्यांच्या शब्दांतही असेच घडते. ‘जाऊ’ हा शब्द नाते सांगतो आणि ‘जाणे’ या धातूचे रूपही आहे. ‘नाना’ हे खानदेशात वडीलधाऱ्या पुरुषाला हाक मारण्याचे नाव आहे, परंतु हिंदीत त्याचा अर्थ आईचे वडील असा होतो. अनेक भाषांवर एकत्र शिकलेली प्रणाली हिंदी अर्थाकडे झुकू शकते.

## एका संदेशाचे विश्लेषण

पुढील संदेश विवेचनासाठी रचलेला आहे. धरणगावात सासऱ्यांजवळ राहणारी सून तो कुटुंबाच्या गटात थोरल्या दिरांना उद्देशून लिहिते. गटातील मराठी न जाणणारी थोरली जाऊ तो यंत्रानुवादातून वाचते.

> भाऊजी, काल डॉक्टर येऊन गेल्या. त्यांनी आप्पांची गोळी बदलली. आज सकाळी घेतली नाही. हे जळगावला गेलेत. तुम्ही जरा त्यांना समजावून सांगा ना. मग आपण ठरवू.

मराठी वाचकाला येथे काहीही संदिग्ध वाटत नाही. डॉक्टर एक आहेत आणि त्या स्त्री आहेत. गोळी आप्पांनी घेतलेली नाही. ‘हे’ म्हणजे लिहिणारीचा नवरा. समजावून सांगायचे आहे ते आप्पांना. ठरवायचे आहे ते सर्वांनी मिळून.

वाक्ये सुटी करून केलेल्या अनुवादात काय होऊ शकते, ते क्रमाने पाहता येईल. पहिल्या वाक्यातील ‘गेल्या’मुळे एकाऐवजी अनेक डॉक्टर आल्याचे दिसेल. दुसऱ्या वाक्यात ‘त्यांनी’चे ‘दे’ होईल. ते पहिल्या चुकीशी जुळत असल्याने वाचणाऱ्याला शंका येणार नाही. ‘गोळी’ या शब्दाला बंदुकीची गोळी हाही अर्थ आहे, पण ही चूक झाली तर ती निदान लगेच दिसते.

तिसरे वाक्य सर्वांत धोक्याचे आहे. ‘आज सकाळी घेतली नाही’ यात कर्ताही नाही आणि कर्मही नाही. ‘घेतली’ हे रूप गोळीप्रमाणे चालते, म्हणून घेणाऱ्याविषयी ते काहीच सांगत नाही. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो आणि व्यक्तिगत संदेशात सर्वाधिक संभाव्य कर्ता ‘आय’ असतो. परिणामी ‘आज सकाळी मी ते घेतले नाही’ असे वाक्य तयार होते. आप्पांनी औषध नाकारले ही बातमी, म्हणजे संदेश लिहिण्याचे मूळ कारण, येथे पुसली जाते. सुनेचे स्वतःचे काही औषध चुकले, किंवा तिने दुकानातून काही आणायचे ठेवले, असा समज होतो.

चौथ्या वाक्यातील ‘हे’ अनेकवचन मानले गेले तर ‘ते लोक जळगावला गेले आहेत’ असे दिसेल, आणि मागचा ‘दे’ डॉक्टरांचा असल्याने डॉक्टरच जळगावला गेले असे वाटेल. पाचव्या वाक्यातील ‘त्यांना’ही मग डॉक्टरांकडे वळेल. ‘ना’ गळाल्यामुळे ‘तुम्ही त्यांना समजावून सांगा’ ही थोरल्या दिरांना दिलेली आज्ञा होईल. सहाव्या वाक्यात ‘वुई’ येईल, परंतु त्यात आपण धरलेले आहोत की नाही हे थोरल्या जावेला कळणार नाही.

एकूण अर्थ असा होतो : अनेक डॉक्टर आले, त्यांनी औषध बदलले, सुनेने काही घेतले नाही, डॉक्टर जळगावला गेले आणि आता दिरांनी डॉक्टरांना जाब विचारावा. ही गोष्ट सुसंगत आहे आणि तिच्यात व्याकरणाची एकही चूक नाही, म्हणूनच ती सहज पटते.

याच संदेशाचे यंत्राला पेलणारे रूप असे करता येते :

> काल डॉक्टर बाई आल्या होत्या. डॉक्टर बाईंनी आप्पांचे रक्तदाबाचे औषध बदलले. आज सकाळी आप्पांनी नवे औषध घेतले नाही. माझे पती जळगावला गेले आहेत. भाऊजी, तुम्ही आप्पांना फोनवर समजावून सांगाल का? पुढे काय करायचे, हे तुम्ही दोघे आणि आम्ही दोघे मिळून ठरवू.

येथे प्रत्येक वाक्यात कर्ता आहे, सर्वनामाच्या जागी नाव आहे आणि विनंती प्रश्नाच्या रूपात असल्याने इंग्रजीतही विनंतीच राहते. परंतु ही सुरक्षितता फुकट मिळत नाही. दिरांशी बोलताना नवऱ्याला ‘माझे पती’ म्हणणारी सून मराठी कानाला परकी वाटते. मूळ संदेशातील ‘हे’ आणि ‘ना’ यांत घरोबा होता, तो यंत्रासाठी सोडून द्यावा लागतो. म्हणून आजार, पैसे, तारखा आणि प्रवास यांपुरतेच असे लेखन ठेवणे सोयीचे ठरते.

## खानदेशातील विशेष अडचण

धरणगाव, अमळनेर, धुळे या पट्ट्यात प्रमाण मराठीबरोबर अहिराणीचा वापर होतो. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीची नोंद मराठीबरोबर न करता नवव्या खंडात भिल्ली भाषांबरोबर केलेली आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषकांची संख्या अठरा लाखांहून अधिक नोंदली गेली. लिपी देवनागरीच असल्याने अहिराणी मजकूर यंत्राला मराठी किंवा हिंदी म्हणून दिला जातो.

एकाच संदेशात दोन्ही भाषा मिसळल्या की वरील प्रत्येक खूण अधिक अविश्वसनीय होते. ‘आहे’साठी ‘शे’ आणि ‘मला’साठी ‘माले’ ही रूपे यंत्राला अनोळखी असल्यास ती निदान विचित्र अनुवादामुळे उघडी पडतात. दोन्ही भाषांत दिसणारी पण भिन्न अर्थाची रूपे अधिक फसवी असतात. प्रमाण मराठीत ‘त्या’ हे सर्वनाम कर्ता म्हणून स्त्रियांसाठी येते, तर अहिराणीत ते पुरुषांच्या अनेकवचनासाठीही येते. मराठी समजून वाचणारे यंत्र तेथे पुरुषांच्या जागी स्त्रिया आणील.

रोमन लिपीतून टंकलेल्या मराठीतही खुणांची हानी होते. ‘केलं’ आणि ‘केल’, ‘नाही’ आणि ‘नाहीत’ यांतील फरक घाईच्या टंकलेखनात पुसला जातो. ‘ते आले नाहीत’ हे आदरार्थी वाक्य ‘te aale nahi’ असे लिहिले की ‘आले’ एवढीच आदराची खूण राहते.

## चूक ओळखणे आणि मर्यादा

इंग्रजी अनुवाद पुन्हा मराठीत उलटवून पाहणे ही प्रचलित तपासणी आहे. या विषयात ती पुरेशी नाही. इंग्रजी ‘यू’चे मराठीत ‘तुम्ही’ होते आणि ‘दे’चे ‘त्यांनी’ होते, त्यामुळे उलट अनुवाद मूळ वाक्यासारखाच दिसतो. मधल्या टप्प्यावर आदर आणि संख्या हरवली होती, हे त्यात झाकले जाते. त्यापेक्षा इंग्रजीतील फक्त सर्वनामे शोधून प्रत्येकाच्या जागी कोणत्या माणसाचे नाव बसते हे पाहणे अधिक उपयोगी पडते. इंग्रजी जुजबी जाणणाऱ्यालाही ही तपासणी जमते. जेथे नाव बसत नाही, किंवा मूळ वाक्यात कर्ताच नव्हता, तेथे दुरुस्ती हवी.

प्रणालींच्या गुणवत्तेची रूढ मोजणीही हे दोष नीट दाखवत नाही. २००२ मध्ये मांडला गेलेला ‘ब्ल्यू’ हा गुणांक यंत्राचा अनुवाद आणि मानवी अनुवाद यांतील शब्दसमूह किती जुळतात हे मोजतो. बारा शब्दांच्या वाक्यात ‘शी’ऐवजी ‘ही’ आले तर एकच शब्द चुकतो आणि गुण थोडेच घटतात, पण वाक्य दुसऱ्याच माणसाविषयीचे झालेले असते.

आदरार्थावर नियंत्रण ठेवण्याचे प्रयोग झालेले आहेत. एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये इंग्रजीतून जर्मनमध्ये अनुवाद करताना औपचारिक किंवा अनौपचारिक सर्वनाम हवे अशी खूण यंत्राला देण्याची पद्धत मांडली. तेथे इंग्रजीकडून भेद असलेल्या भाषेकडे जायचे होते. मराठीकडून इंग्रजीकडे येताना भेद व्यक्त करण्याचे साधनच इंग्रजीत अपुरे असल्याने ती पद्धत तशीच लागू होत नाही. संपूर्ण संभाषण एकत्र वाचणाऱ्या अलीकडील भाषाप्रतिमानांमुळे मागील वाक्यातील ‘आल्या’ वरून पुढील ‘त्यांनी’चे ‘शी’ होणे शक्य झाले आहे. संदेशात कोठेच न लिहिलेली गोष्ट, उदाहरणार्थ सरपंच स्त्री आहेत किंवा ‘हे’ म्हणजे कोण, त्यांनाही अंदाजानेच भरावी लागते. अशा ठिकाणी लिहिणाऱ्याने नाव आणि नाते स्पष्ट लिहिणे हाच आजवरचा खात्रीचा उपाय आहे.